वजन अडतं कुठे?

मधुमेहावरच्या काही गोळ्या साखर शरीरात वापरायला लावत नाहीत, सरळ लघवीवाटे बाहेर काढून टाकतात. कॅनाग्लिफ्लोझिन ही त्यातलीच एक. आपली मूत्रपिंडं रक्त गाळताना त्यातली साखर एरवी जवळजवळ सगळी परत ओढून घेतात. ही गोळी तो परतीचा रस्ता अडवते. तिच्या पूर्ण डोसवर असलेल्या मधुमेही माणसाच्या लघवीतून रोज 90 ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज निघून जातं, म्हणजे साधारण 360 कॅलरी. बाथरूमला एखादी फेरी जास्त होत असेल, पण साडेतीन पोळ्यांचा ऐवज आपल्या अंगातून रोज गुपचूप निसटतोय हे त्या माणसाला कळायला काही मार्ग नाही. त्याला कोणी कमी खायला सांगितलेलं नसतं, ताट तेच असतं, वाट्याही त्याच.

आता हिशेब करून पाहू. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी, हे गणित बहुतेक जिममध्ये आणि डाएट चार्टवर सापडतं. रोज 360 कॅलरी गेल्या, तर वर्षात 1,31,400. भागिले 7700, उत्तर 17 किलो. गोळी घेणारा प्रत्येक मधुमेही वर्षभरात 17 किलोंनी उतरायला हवा होता.

प्रत्यक्षात लोक उतरले तीन-चार किलो. पहिल्या काही महिन्यांत वजन खाली आलं आणि मग काटा जागीच थांबला. गोळीचा असर संपला म्हणावं, तर लघवीतली साखर पहिल्याइतकीच जात होती. मग उरलेले तेरा-चौदा किलो गेले कुठे?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली नेमका हाच प्रश्न हातात घेतला. त्यांच्यापुढे गोळी घेणाऱ्या 153 जणांची आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या 89 जणांची वर्षभराची वजनं होती. शरीरातून किती गेलं हे ठाऊक आणि वजन किती बदललं हेही ठाऊक. तेव्हा तोंडातून किती आत गेलं हे उलट्या बाजूने काढता येतं. उत्तर असं आलं की घटलेल्या प्रत्येक किलोमागे माणसं पूर्वीपेक्षा रोज सुमारे 100 कॅलरी जास्त खात होती. ठरवून नाही, कळूनही नाही. शरीराचा खर्चसुद्धा कमी झाला होता, पण तो किलोमागे 20 ते 30 कॅलरींनीच. दोन्ही मिळून किलोमागे सव्वाशे. तीन किलो उतरले की 375 होतात आणि लघवीतून जाणाऱ्या 360 कॅलरींची भरपाई पूर्ण होते. तिथेच वजन अडतं.

या अभ्यासाचं मोल त्याच्या आडवाटेत आहे. भूक मोजायची तर लोकांना विचारून चालत नाही. खाण्याच्या डायऱ्यांमध्ये माणसं सातत्याने कमी लिहितात. खोटेपणाने नव्हे, तर चहासोबतची दोन बिस्किटं आणि आमटीवरची तुपाची धार कुणाच्या लक्षात राहत नाही म्हणून. शिवाय डाएट करणाऱ्याचं मन सतत खाण्यावर असतं, त्यामुळे शरीर काय करतंय आणि मन काय करतंय हे वेगळं काढता येत नाही. इथे मनाला पत्ताच नव्हता. जे काही झालं ते शरीराने परस्पर केलं.

शरीर एका ठरावीक वजनाच्या आसपास राहायला धडपडतं, या कल्पनेला ‘सेट पॉइंट’ म्हणतात. खोलीचं तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटसारखं काहीतरी मेंदूत असावं, तापमान आकड्यापासून ढळलं की ते यंत्रणा चालू-बंद करत असावं, असा तिचा ढाचा. शब्द वजनाचा वापरतात, पण राखण होते ती मुख्यतः चरबीची. 1953 साली गॉर्डन केनेडी या इंग्रज संशोधकाने उंदरांवरच्या प्रयोगांवरून तसं सुचवलं होतं: चरबीच्या साठ्यातून रक्तात काही तरी खूण सुटत असली पाहिजे आणि मेंदूतला हायपोथॅलॅमस ती वाचत असला पाहिजे. ती खूण कोणती, हे मात्र सापडेना.

ती सापडण्याची गोष्ट अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बार हार्बर या गावात घडली. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत 1949 साली एका पिंजऱ्यात नेहमीच्या तिप्पट वजनाचा होऊ शकणारा, खात सुटलेला उंदीर जन्माला आला होता. त्याचा दोष आनुवंशिक निघाला, आणि त्या वंशाला ‘ओबी’ म्हणू लागले. पुढे 1960च्या दशकात तसाच लठ्ठ, शिवाय तीव्र मधुमेह असलेला दुसरा वंश मिळाला, ‘डीबी’. दिसायला दोघे भावंडं शोभावेत. डग्लस कोलमन यांनी या उंदरांच्या जोड्या शिवल्या. शिवल्या म्हणजे अक्षरशः: दोन उंदरांच्या कुशीची कातडी एकमेकांना टाके घालून जोडायची. जखम भरली की बारीक रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळतात आणि एकाच्या रक्तातलं हळूहळू दुसऱ्यात जाऊ लागतं.

कोलमन यांनी डीबी उंदीर साध्या उंदराला जोडला. वाटलं होतं, डीबीच्या रक्तातून साध्या उंदराला मधुमेह होईल. झालं भलतंच. डीबी खात राहिला, फुगत राहिला, आणि साध्या उंदराने खाणं सोडलं. समोर दाणे पडलेले असताना तो काही आठवड्यांत उपासमारीने मेला. कोलमन यांनी मग डीबीला ओबी जोडला. इथेही डीबी जाडावत गेला आणि ओबी, तो खादाड ओबी, अन्नावरची वासना उडून उपाशी मेला. ओबीला साध्या उंदराशी जोडलं तेव्हा मात्र कोणी मेलं नाही. ओबीने खाणं आवरतं घेतलं आणि त्याचं वजन घटलं.

यातून एकच अर्थ निघत होता. ‘साठा भरला आहे’ ही खूण डीबीच्या अंगात ढिगाने तयार होते, पण तिचा कान बहिरा आहे. ओबीचा कान शाबूत आहे, पण त्याला ती खूण बनवता येत नाही. उपकरणं जवळजवळ नाहीत, फक्त टाके आणि तराजू, आणि त्यावर एवढा नेमका निष्कर्ष. मला तरी या विषयातला हा सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. तरीही कित्येक वर्षं पुष्कळ शास्त्रज्ञ तो मानायला तयार नव्हते. लठ्ठपणा हा सवयीचा दोष, असाच सूर होता. 1994 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ओबी उंदरात बिघडलेला जनुक शोधून काढला. चरबीच्या पेशी त्या जनुकाच्या आधाराने जे संप्रेरक बनवतात, त्याला लेप्टिन नाव मिळालं.

लेप्टिन टोचलं की ओबी उंदीर सडपातळ होत. एका औषध कंपनीने त्याच्या हक्कांसाठी दोन कोटी डॉलर मोजले. पण 1999 साली लठ्ठ माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल आले आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. बहुतेकांवर फारसा परिणाम नव्हता. कारण उघड होतं: ज्यांच्या अंगावर चरबी जास्त, त्यांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं. त्यात आणखी भर घालून मेंदू काही मनावर घेत नाही. ज्यांच्यात जन्मतः लेप्टिनच बनत नाही अशी अगदी मोजकी मुलं जगात सापडली आहेत. त्यांना ते टोचल्यावर त्यांची अनावर भूक शमली. म्हणजे लेप्टिन भरलं आहे याकडे मेंदू दुर्लक्ष करू शकतो, ते कमी झालं की मात्र तो हादरतो. ही एकतर्फी रचना लक्षात ठेवायला हवी, कारण सेट पॉइंटवरच्या पुढच्या बऱ्याच भांडणांचं मूळ तिथे आहे.

रॉकफेलरमध्येच रुडॉल्फ लायबेल, मायकेल रोझेनबाउम आणि जूल्स हिर्श यांनी माणसांना रुग्णालयात ठेवून मोजमाप केलं. 1995 साली ते प्रसिद्ध झालं. माणसाचं वजन 10 टक्क्यांनी उतरवायचं, तिथे ते स्थिर राखायचं आणि मग दिवसाचा ऊर्जाखर्च पाहायचा. शरीर लहान झालं की खर्च थोडा घटणारच; पण घट त्याहून अधिक निघाली, साधारण 15 टक्के. उलट 10 टक्क्यांनी वजन वाढवलेल्यांचा खर्च तितकाच वाढला. नंतर या गटाला असंही दिसलं की वजन उतरवलेल्या माणसाचे स्नायू सायकल मारण्यासारखं हलकं काम पूर्वीपेक्षा कमी इंधनात उरकतात. आणि त्याच माणसांना थोडं लेप्टिन टोचून रक्तातली पातळी वजन उतरण्याआधीच्या आकड्यावर आणली, तेव्हा स्नायूंची ही काटकसर बऱ्याच अंशी मावळली. लठ्ठपणावर नापास झालेलं औषध इथे पास झालं, कारण इथे खरोखर तूट होती.

‘माझा मेटाबॉलिझम स्लो झालाय’ ही तक्रार म्हणूनच निराधार नाही. फक्त ती अर्धवट आहे, आणि ते अर्धं लहान अर्धं आहे. हॉल यांचे आकडे घेऊन एक काल्पनिक उदाहरण मांडू. पंचेचाळिशीच्या एक बाई, वजन 80 किलो, रोजचं खाणं आणि रोजचा खर्च दोन्ही 2000 कॅलरी. नेटाने डाएट करून त्या 72 वर आल्या. आठ किलो गेले. किलोमागे 25 धरले तर खर्च 200 ने घटून 1800 झाला. वजन 72 वर राखायचं तर त्यांना रोज 1800 खाऊन थांबायला हवं. इथवर सगळं झेपण्याजोगं वाटतं. दोन पोळ्यांचा तर प्रश्न. पण भुकेचं गणित निराळं चालतं. आठ किलोंमागे ती 800 कॅलरींनी चढलेली आहे. डाएटच्या आधी पोट 2000 ला ‘पुरे’ म्हणायचं, ते आता 2800 मागतं. गरज 1800 ची, मागणी 2800 ची. मधली दरी हजार कॅलरींची, आणि ती रोजची.

घरातले म्हणतात, ‘पूर्वीइतकंच तर खातेस, मग उपाशी कशी?’ ती खरंच उपाशी असते. डाएट सुरू झाल्यावर साधारण सहा-आठ महिन्यांनी वजन अडतं, तो अनुभव बहुतेकांचा आहे, आणि त्याचा दोष ‘बॉडीला डाएटची सवय झाली’ या वाक्यावर टाकून मोकळं होण्याची पद्धत आहे. हॉल यांच्या गणितानुसार घडतं ते असं: माणूस पहिल्या दिवसाइतकाच निग्रह करत असतो, पण वजन उतरत जातं तशी त्या निग्रहासमोरची भूक वाढत जाते, म्हणून तेवढ्याच निग्रहात दर महिन्याला थोडं जास्त खाल्लं जातं. ते जास्तीचं इतकं विखुरलेलं असतं, भाताचा डाव जरा भरून, भाजीत तेल जरा सढळ, की ते कुणालाही दिसत नाही.

ही भूक किती काळ टिकते? ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या गटाने 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांचं वजन दहा आठवड्यांत सरासरी साडेतेरा किलोंनी उतरवलं होतं. आणखी वर्षभरानंतर तपासलं, तेव्हाही लेप्टिन पूर्वीपेक्षा खाली, भूक चेतवणारं घ्रेलिन पूर्वीपेक्षा वर, आणि लोकांना भूकही जास्त. वजन काही प्रमाणात परत चढलेलं होतं, तरीही. वर्षभर कळ काढली की शरीर नव्या आकड्याला आपलं म्हणेल, अशी ज्यांची समजूत असते त्यांच्यासाठी ही बातमी चांगली नाही. लायबेल-रोझेनबाउम यांनाही वर्षाहून अधिक काळ कमी वजन राखलेल्या माणसांचा खर्च दबलेलाच आढळला.

भुकेची मजल किती जाऊ शकते हे दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात दिसलं. युरोपातल्या उपासमारीतून सुटलेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे ठरवण्यासाठी ॲन्सेल कीज यांनी युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेल्या 36 तरुण स्वयंसेवकांना 1945 मध्ये 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. दोन वेळचं जेवण, त्यात बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला 22 मैल चालणं. वजनं सुमारे चतुर्थांशाने घटली. धडधाकट, ध्येयवादी मुलं ती. पण ताटं चाटू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवून रात्र रात्र वाचू लागली, च्युइंगम आणि कॉफी इतकी वाढली की कॉफीवर दिवसाला नऊ कपांची मर्यादा घालावी लागली. पुढे जेवण मोकळं केल्यावर त्यांनी जे खाल्लं ते पोटं भरली तरी थांबेना. चरबी पूर्वीच्या पातळीला पोहोचली, तिच्या वरही गेली, आणि भूक होतीच. अब्दुल दुल्लू यांनी 1990च्या दशकात कीज यांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा त्यांना दिसलं की ही भूक गेलेले स्नायू भरून येईपर्यंत सुटत नव्हती. म्हणजे राखण चरबीचीच नव्हे, स्नायूंचीही होते. प्रथिनांकडे दुर्लक्ष करणारं आणि व्यायाम वगळून केलेलं क्रॅश डाएट मागे एवढी भूक का ठेवून जातं, याचं एक उत्तर इथे असू शकतं.

आता आक्षेप, आणि तो खमका आहे. शरीर जर एका आकड्याची एवढी राखण करतं, तर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जगभर माणसं जाड का होत गेली? जनुकं एवढ्यात बदलत नाहीत. थर्मोस्टॅटचा आकडा कोणी वाढवला?

स्कॉटलंडमध्ये अबर्डीनला काम केलेले जीवशास्त्रज्ञ जॉन स्पीकमन यांचं उत्तर मला सर्वांत पटतं. त्यांच्या मते आकडा एक नाहीच, मर्यादा दोन आहेत. खालची मर्यादा उपासमारीपासून वाचवते. तिच्याखाली गेलं की शरीर सगळी ताकद लावतं. वरची मर्यादा पूर्वजांच्या काळी शिकारी प्राण्यांच्या भीतीने घडली असावी; जाडजूड माणूस पळण्यात मागे पडायचा. आग आणि हत्यारं आल्यावर तो धोका संपला, आणि वरच्या मर्यादेची जनुकं कुणाची कशीही भरकटली. या दोन मर्यादांच्या मधल्या पट्ट्यात शरीर फारशी तक्रार करत नाही. तिथे ताटात काय आहे, काम बैठं की उभं, पिशवीत फरसाण आहे की नाही, हेच वजन ठरवतं. पट्टा अरुंद असलेला माणूस लग्नसराईतही तसाच राहतो. पट्टा रुंद असलेला हळूहळू वर सरकतो आणि सरकल्याचं त्याला कळत नाही. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग ते नववर्ष या सणाच्या काळात मोजलेली वाढ सरासरी अर्ध्या किलोहूनही कमी निघाली होती. पण पुढच्या वसंतापर्यंत ती उतरली नव्हती.

मात्र स्पीकमन यांच्या पट्ट्याने एक गोष्ट नीट सुटत नाही. बरीच वर्षं 95 किलोंवर राहिलेला माणूस 85 वर आला, तरी उपासमारीच्या मर्यादेपासून तो कोसभर दूर असतो. मग त्याचा मेंदू 85 ला दुष्काळ का समजतो? मेंदू चरबीचा एकूण साठा मोजत नसून पूर्वीच्या साठ्यात पडलेली घट मोजत असावा, म्हणजे खालची मर्यादा वजनामागोमाग वर चढत असावी, असं काहींना वाटतं. लठ्ठ उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये दाहाची चिन्हंही दिसली आहेत. पण ती मर्यादा वर ढकलणारं नेमकं काय आणि ते परत खाली आणता येईल का, यावर एकमत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचाही बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या 21.2. काट्यावर दोघे सारखे, साठ्यात दुपटीहून जास्त फरक. शरीर ज्याची राखण करतं ते काट्यावर दिसत नाही, आणि सडपातळ भारतीय माणसाच्या बाबतीत तर कमीच दिसतं. कंबरेला टेप लावून जे कळतं ते अनेकदा वजनापेक्षा खरं असतं.

नव्या इंजेक्शनांचं यशही याच चौकटीत उलगडतं. सेमाग्लुटाइडने 68 आठवड्यांत वजन सरासरी 15 टक्क्यांनी उतरलं, ते खर्च वाढवून नव्हे, तर मघाच्या बाईंची ती हजार कॅलरींची दरी बुजवून. औषध चालू असेतो मेंदू कमी वजनाला दुष्काळ समजत नाही, किंवा समजला तरी त्याची हाक दबते. अखेर इथेही वजन अडतं, फक्त बरंच खाली. ज्यांनी औषध बंद केलं त्यांचं एका वर्षात घटलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेची गोष्ट वेगळी दिसते. तशी शस्त्रक्रिया केलेल्या उंदरांना मुद्दाम उपाशी ठेवून आणखी बारीक केलं आणि मग मोकळं सोडलं, तेव्हा ते खाऊन खाऊन वर चढले खरे, पण जुन्या वजनाला गेले नाहीत. शस्त्रक्रियेनंतर जिथे स्थिरावले होते, तिथेच येऊन थांबले.